तपासणी आणि पडताळा : गुणनियंत्रण-चक्राचा इतिहास

१

उत्पादन-व्यवस्थापनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास एक वर्तुळ फार लवकर भेटते. त्याचे चार भाग केलेले असतात : योजना, अंमल, पडताळा आणि कार्यवाही. प्लॅन, डू, चेक आणि ॲक्ट या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यास 'पीडीसीए चक्र' असे म्हणतात. कोणी त्याला शूहार्टचे नाव देतात, तर कोणी डेमिंगचे. सर्वंकष गुणव्यवस्थापन या नावाने जी विचारप्रणाली ओळखली जाते, तिची सर्व तत्त्वे या एका वर्तुळावर उभी आहेत असेही सांगण्यात येते. उत्तरपत्रिकेत चार शब्द योग्य क्रमाने लिहिले आणि बाण काढले, की विषय संपला असा समज त्यामुळे सहजच होतो.

वस्तुतः या चार शब्दांपैकी तिसऱ्या शब्दाविषयी जो मतभेद उत्पन्न झाला, त्यात या चक्राचे सारे मर्म साठविलेले आहे. 'चेक' या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. तयार झालेला माल पाहून चांगला आणि वाईट असा वेगळा करणे, हा एक. आपण जे अनुमान मनाशी बांधून काम केले ते खरे ठरले की नाही हे पाहणे, हा दुसरा. मराठीत पहिल्यास तपासणी म्हणावे आणि दुसऱ्यास पडताळा म्हणावे, म्हणजे भेद स्पष्ट होतो. तपासणीचा विषय माल असतो. पडताळ्याचा विषय आपली समजूत असते. चक्राचा इतिहास हा बव्हंशी तपासणीकडून पडताळ्याकडे झालेल्या, आणि पुनःपुन्हा उलट फिरलेल्या प्रवासाचा इतिहास होय.

२

या प्रवासाचा आरंभ अमेरिकेत झाला. वॉल्टर शूहार्ट हे भौतिकशास्त्रज्ञ १९१८ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत दाखल झाले. ही कंपनी बेल दूरध्वनि-संस्थेसाठी यंत्रसामग्री तयार करीत असे व शिकागोजवळ हॉथॉर्न येथे तिचा प्रचंड कारखाना होता. त्या काळी गुणवत्तेची व्यवस्था म्हणजे तपासनिसांची फौज, असे समीकरण होते. माल तयार व्हावयाचा, तो शेवटी तपासला जावयाचा आणि सदोष नग बाजूला पडावयाचे. या पद्धतीने सदोष नग ग्राहकापर्यंत पोचणे काहीसे टळे. परंतु तो निर्माण होणे टळत नसे, आणि त्यावर झालेला खर्चही परत मिळत नसे.

१६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक लहानसे टिपण सादर केले. त्यातील आकृतीस पुढे नियंत्रण-आलेख असे नाव मिळाले. तिच्या मुळाशी असलेली कल्पना साधी होती. कोणत्याही प्रक्रियेतून निघणारे नग तंतोतंत सारखे कधीच नसतात. या चढउतारापैकी काही भाग असंख्य बारीकसारीक कारणांच्या एकत्र परिणामातून येतो व तो त्या प्रक्रियेच्या रचनेतच असतो. काही भाग मात्र एखाद्या विशेष कारणाने येतो. उदाहरणार्थ, झिजलेले हत्यार, बदललेला कच्चा माल किंवा नवखा कामगार. पहिल्या प्रकारच्या चढउताराची मर्यादा गणिताने काढता येते. त्या मर्यादेबाहेर एखादे निरीक्षण गेले, तरच विशेष कारणाचा शोध घेणे फलदायी ठरते.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या भट्टीतून निघणाऱ्या टाइलींपैकी सरासरीने शेकडा १० सदोष असतात आणि रोज १०० टाइलींचा नमुना घेतला जातो. नमुन्यातील सदोष टाइलींच्या संख्येचे प्रमाण विचलन १००, ०·१ आणि ०·९ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे ३ येते. सरासरीच्या दोन्ही बाजूंस तीनपट विचलन घेण्याचा शूहार्टचा प्रघात स्वीकारला, तर मर्यादा १ आणि १९ या ठरतात. म्हणजे सोमवारी ६ आणि मंगळवारी १४ टाइली सदोष निघाल्या, तर सोमवारच्या पाळीचे कौतुक करण्यास अथवा मंगळवारच्या पाळीस जाब विचारण्यास काहीही आधार नाही. भट्टी दोन्ही दिवशी तीच होती. बुधवारी २३ निघाल्या, तर मात्र काहीतरी निराळे घडले आहे असे मानून शोध घ्यावा.

१९३१ साली शूहार्ट यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु चक्राच्या दृष्टीने महत्त्वाचे ते १९३९ चे छोटे पुस्तक. अमेरिकन शेतकी खात्याच्या पदवीधर विद्यालयात त्यांनी १९३८ साली दिलेल्या व्याख्यानांतून ते सिद्ध झाले, आणि त्याचे संपादन विल्यम एडवर्ड्‌स डेमिंग या तरुण सहकाऱ्याने केले. त्यात शूहार्ट यांनी उत्पादनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : मालाचे विनिर्देश ठरविणे, माल तयार करणे आणि तो तपासणे. जुन्या विचारात या तीन पायऱ्या एका सरळ रेषेत होत्या; शेवटच्या पायरीशी रेषा संपे. शूहार्ट यांनी ती रेषा वाकवून तिचे वर्तुळ केले. त्यांच्या मते या तीन पायऱ्या म्हणजे शास्त्रीय संशोधनातील अभ्युपगम, प्रयोग आणि अभ्युपगमाची कसोटी या तीन अवस्थाच होत. अमुक प्रकारे केले तर अमुक गुणाचा माल मिळेल, हे विनिर्देशातील अनुमान. उत्पादन हा त्याचा प्रयोग. आणि तपासणी ही त्या अनुमानाची परीक्षा.

येथे तपासणीचे स्वरूप पालटले हे ध्यानात घेतले पाहिजे. ती मालाचा शेवटचा न्यायनिवाडा उरली नाही; पुढच्या विनिर्देशास ज्ञान पुरविणारी ती एक पायरी झाली.

३

दुसऱ्या महायुद्धानंतर या विचाराचे केंद्र जपानकडे सरकले. जपानी शास्त्रज्ञ व अभियंते यांचा संघ १९४६ साली स्थापन झाला होता. डेमिंग हे जनगणनेच्या तयारीनिमित्त १९४७ साली जपानला जाऊन आले होते. संघाच्या निमंत्रणावरून ते १९५० च्या उन्हाळ्यात पुन्हा तेथे गेले, आणि जुलै महिन्यात त्यांनी टोकियो येथे अभियंत्यांसाठी आठ दिवसांचा वर्ग घेतला. अमेरिकेत युद्धकाळात असे वर्ग पुष्कळ झाले होते, परंतु युद्ध संपताच तेथील उद्योगांनी ते ज्ञान बाजूस ठेवले. अभियंते शिकले, मालक शिकले नाहीत, हे त्याचे कारण डेमिंग यांना दिसले होते. म्हणून त्यांनी जपानमध्ये उद्योगपतींशीही बोलण्याचा आग्रह धरला. संघाचे अध्यक्ष इचिरो इशिकावा हे जपानी उद्योगांच्या प्रमुख महासंघाचेही अध्यक्ष असल्यामुळे ती भेट घडून आली.

या व्याख्यानांत डेमिंग यांनी शूहार्टच्या वर्तुळास एक अंग जोडले. वस्तूची रचना करा, ती तयार करा, बाजारात आणा, वापरणाराच्या हाती ती कशी ठरते ते शोधून काढा, आणि त्या ज्ञानावरून पुन्हा रचना करा, असा तो क्रम होता. ग्राहक हा अशा रीतीने साखळीच्या टोकावरून वर्तुळाच्या आत आला. व्याख्यानांच्या छापील प्रतीचे मानधन डेमिंग यांनी संघास देऊन टाकले, आणि त्यातून १९५१ पासून 'डेमिंग पारितोषिक' सुरू झाले.

जपानी उद्योगांनी हे चाक आपल्या सोयीनुसार पुन्हा घडविले. रचना, उत्पादन, विक्री आणि संशोधन या कामांच्या जागी योजना, अंमल, पडताळा आणि कार्यवाही हे सर्वसामान्य शब्द आले. त्यामुळे चक्र केवळ वस्तूच्या रचनेपुरते न राहता हिशेब-खात्यापासून भांडारापर्यंत कोठेही लागू करता येऊ लागले. इचिरो यांचे पुत्र प्राध्यापक काओरू इशिकावा यांनी त्यातील पायऱ्या अधिक उकलून दाखविल्या. योजनेचे त्यांनी दोन भाग केले : ध्येय ठरविणे व ते गाठण्याची पद्धती ठरविणे. अंमलाचेही दोन भाग केले : काम करणारांना शिक्षण देणे आणि नंतर काम करणे. पद्धतीवाचून नुसते ध्येय सांगणे म्हणजे आज्ञा होय, योजना नव्हे, हा या विभागणीचा आशय आहे.

याच काळात 'सर्वंकष' हे विशेषण प्रचारात आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील आर्मंड फायगेनबाउम यांनी १९५६ च्या एका लेखात व १९६१ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की गुणवत्ता ही तपासणी-खात्याची मक्तेदारी नसून रचना, खरेदी, उत्पादन, विक्री या सर्व खात्यांची ती जबाबदारी आहे. १९५४ साली जपानमध्ये आलेल्या जोसेफ जुरान यांनीही व्यवस्थापकांच्या कर्तव्यावर असाच भर दिला होता. जपानी लोकांनी या सर्वंकषतेस आणखी एक अर्थ दिला : केवळ सर्व खाती नव्हे, तर अगदी यंत्रावरील कामगारापर्यंत सर्व माणसे. १९६२ पासून तेथे स्थापन होऊ लागलेली गुणनियंत्रण-मंडळे हे त्याचे फळ होय. ग्राहकाभिमुखता, सर्वांचा सहभाग, मालाऐवजी प्रक्रियेकडे लक्ष, आकडेवारीवर आधारलेला निर्णय आणि अखंड सुधारणा, ही जी तत्त्वे पाठ्यपुस्तकांत ओळीने येतात, ती या घडामोडींतून एकेक करून जमा झालेली आहेत.

४

चक्राचा खरा अर्थ एखाद्या प्रत्यक्ष प्रसंगावाचून उमगत नाही. या दृष्टीने जपानमधील इना सेइतो या टाइली बनविणाऱ्या कंपनीत १९५३ साली झालेला प्रयोग उद्‌बोधक आहे. प्रयोग-रचनेचे आचार्य गेनिची तागुची यांच्या लेखनामुळे तो प्रसिद्ध झाला. तो करणारांनी चार पायऱ्यांची नावे घेऊन तो केला असे मानण्याचे कारण नाही. तथापि चारही पायऱ्या त्यात स्वच्छ दिसतात.

कंपनीने बोगद्यासारखी लांब भट्टी बसविली होती. तीतून गाड्यांवर रचलेल्या टाइली सरकत जात. गाडीवरील रचीत बाहेरच्या बाजूस असलेल्या टाइलींना एक उष्णता लागे, आतल्या टाइलींना दुसरी. परिणामी भाजून निघालेल्या टाइलींच्या आकारमानात फरक पडे. कारण सर्वांना ठाऊक होते. भट्टीची पुनर्रचना केली असती तर उष्णता सारखी झाली असती, पण तो उपाय अत्यंत महाग होता. प्रत्येक टाइल मोजून वेगळी काढणे हा तपासणीचा मार्ग खुला होताच. तथापि त्याने सदोष टाइल कमी झाली नसती, केवळ सापडली असती.

योजनेची पायरी येथे निराळे वळण घेते. उष्णतेतील फरक तसाच राहू द्यावा, आणि मातीचे मिश्रणच असे करावे की त्या फरकाचा तिजवर फारसा परिणाम होऊ नये, असे अनुमान बांधण्यात आले. मिश्रणासंबंधी सात गोष्टी बदलण्याजोग्या होत्या. त्यांत चुन्याचे प्रमाण (चालू १ टक्का, नवे ५ टक्के) आणि ॲगॅल्मॅटोलाइट या महाग खनिजाचे प्रमाण (चालू ५३ टक्के, नवे ४३ टक्के) यांचा समावेश होता. सात गोष्टींचे प्रत्येकी दोन पर्याय घेतल्यास एकूण १२८ जोडण्या होतात. त्याऐवजी केवळ आठ जोडण्या अशा रीतीने निवडण्यात आल्या, की प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक पर्याय चार वेळा यावा आणि इतर गोष्टींचे पर्याय त्या चारांत समसमान विभागले जावेत.

अंमल म्हणजे या आठ मिश्रणांच्या प्रत्येकी १०० टाइली भाजणे. पाच टक्के चुना असलेल्या पहिल्या चार मिश्रणांत अनुक्रमे १६, १७, १२ आणि ६ टाइली सदोष निघाल्या. एक टक्का चुना असलेल्या पुढील चार मिश्रणांत ६, ६८, ४२ आणि २६.

आता पडताळ्याचा प्रसंग येतो. तपासनिसाच्या दृष्टीने चौथे आणि पाचवे मिश्रण सारखेच उत्तम ठरते, कारण दोहोंत ६ च टाइली सदोष आहेत. एकट्या पाचव्या मिश्रणाकडे पाहणारा असे म्हणेल, की चुना वाढविण्याचे कारणच नाही. परंतु प्रश्न कोणत्या घाण्यातील टाइली चांगल्या हा नव्हता. चुन्याविषयीचे अनुमान खरे की खोटे हा होता. त्यासाठी चार-चार मिश्रणांची बेरीज केली पाहिजे. पाच टक्के चुन्यास ४०० पैकी ५१ टाइली सदोष, एक टक्का चुन्यास ४०० पैकी १४२. फरक ९१ चा. ॲगॅल्मॅटोलाइटची अशीच बेरीज केली असता ४३ टक्क्यांस १०१ आणि ५३ टक्क्यांस ९२ येतात. फरक अवघा ९ चा. केवळ योगायोगाने अशा दोन बेरजांत पडणाऱ्या फरकाचे प्रमाण विचलन सुमारे १२ आहे. तेव्हा ९ चा फरक योगायोगात सहज सामावतो, ९१ चा कोणत्याही रीतीने सामावत नाही. चुना परिणामकारक आहे, आणि महाग खनिज दहा टक्क्यांनी कमी केल्यास लक्षात येण्याजोगी हानी नाही, असे दोन निष्कर्ष निघतात. दुसऱ्या निष्कर्षामुळे गुणवत्ता सुधारत असता खर्चही उतरू शकतो हे दिसून आले.

कार्यवाही म्हणजे चुन्याचे नवे प्रमाण मिश्रणाच्या नित्याच्या नियमात घालणे. भट्टी होती तशीच राहिली. तिच्यातील उष्णताही पूर्वीसारखीच विषम राहिली. सदोष टाइलींचे प्रमाण मात्र घसरले.

५

या प्रयोगाच्या मर्यादा पाहिल्यास चक्र एका फेऱ्यात का थांबत नाही हे कळते. आठच मिश्रणांतून सात गोष्टींचा निर्णय करावयाचा, तर त्या गोष्टी एकमेकींच्या परिणामात फारशी ढवळाढवळ करीत नाहीत असे गृहीत धरावे लागते. चुन्याचा परिणाम एखाद्या दुसऱ्या घटकाच्या सान्निध्यात पालटत असेल, तर आठ मिश्रणांची बेरीज ते सांगू शकत नाही. शिवाय एकाच घाण्यातील शंभर टाइली एकमेकींपासून सर्वथा स्वतंत्र नसतात. माती एकदा बिघडली तर ती सर्वांचीच बिघडते. म्हणून वर काढलेले १२ हे विचलन वास्तवापेक्षा लहान असण्याचा संभव आहे. याच कारणास्तव निवडलेले मिश्रण पुन्हा एकदा वेगळ्या दिवशी, वेगळ्या घाण्यात भाजून पाहणे आवश्यक असते. हा दुसरा फेरा पहिल्या फेऱ्याच्या निष्कर्षाचा पडताळा होय.

चक्र फसते ते बहुधा तीन ठिकाणी. पहिले स्थान योजनेत असते. 'सदोष माल निम्म्यावर आणा' एवढेच लिहिले आणि कशामुळे तो निम्म्यावर येईल याविषयी अनुमान लिहिले नाही, तर पुढे पडताळण्यास काही उरतच नाही. आकडा गाठला की नाही एवढेच पाहता येते, व तो न गाठल्यास का, हे कोणी सांगू शकत नाही. योजनेच्या कागदावर 'कारण' या शब्दानंतर काही लिहिलेले आहे काय, एवढे पाहूनही हा दोष ओळखता येतो.

दुसरे स्थान पडताळ्यात असते. दुसऱ्या भागातील उदाहरणात मंगळवारी १४ टाइली सदोष निघाल्या म्हणून भट्टीची उष्णता बदलली, बुधवारी ७ निघाल्या म्हणून ती तशीच ठेवली, गुरुवारी १३ निघाल्या म्हणून पुन्हा बदलली, तर चक्र वेगाने फिरत आहे असा भास होतो. परंतु योगायोगाच्या चढउतारास प्रत्येक वेळी उत्तर देत गेल्याने मूळचा चढउतार वाढतो, घटत नाही. नियंत्रण-आलेखावर या फेरफारानंतर मर्यादा रुंदावत चालल्या, तर हा दोष घडत आहे असे समजावे.

तिसरे स्थान कार्यवाहीत असते. प्रयोग यशस्वी होतो, अहवाल लिहिला जातो, आणि मिश्रणाचा नित्याचा नियम मात्र जुनाच राहतो. काही महिन्यांनी प्रयोग करणारी माणसे बदलतात आणि सदोष माल पूर्वपदावर येतो.

६

तिसऱ्या शब्दावरील मतभेद डेमिंग यांच्या उत्तरायुष्यात उघड झाला. जपानी पीडीसीए चक्राशी आपले नाव जोडले जाणे त्यांना रुचत नसे. 'चेक' या इंग्रजी शब्दात थोपविण्याचा, अडविण्याचा अर्थ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. ते स्वतः त्या जागी 'स्टडी', म्हणजे अभ्यास, हा शब्द योजीत, आणि १९९३ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी तोच रूढ केला. काहींना हा केवळ शब्दच्छल वाटला. परंतु १९३९ मध्ये शूहार्ट यांनी सरळ रेषा वाकवून जे साधले होते, ते पुन्हा सरळ होऊ नये यासाठीच ही धडपड होती असे दिसते.

ही भीती निराधार नव्हती. १९८० च्या दशकात जपानी मालाच्या स्पर्धेने जागे झालेल्या अमेरिकन उद्योगांनी ही प्रणाली 'सर्वंकष गुणव्यवस्थापन' या नव्या नावाने परत स्वीकारली. जपानी संघानेही १९९६ साली 'नियंत्रण' हा शब्द सोडून 'व्यवस्थापन' हा शब्द घेतला. आयएसओ ९००१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत पीडीसीए चक्राचा समावेश झाला. मानकासाठी नोंदवह्या लागतात, नोंदवह्यांसाठी लेखापरीक्षण लागते. आणि पडताळ्याची जागा नोंद केली आहे की नाही या तपासणीने घेतली जाण्याचा धोका त्यातच असतो.

भारताचा या परंपरेशी संबंध जुना आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट स्वतः १९४७-४८ च्या हिवाळ्यात या देशात आले होते. म्हणजे डेमिंग यांच्या टोकियोतील वर्गापूर्वी दोन वर्षे येथील संख्याशास्त्रज्ञांनी हा विचार त्याच्या जनकाकडून ऐकला होता. तथापि भारतीय कंपन्यांना डेमिंग पारितोषिक मिळू लागले ते १९९८ पासून. मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर-विभागास ते २००३ साली मिळाले. हे अर्धशतकाचे अंतर पुष्कळ काही सांगून जाते. नियंत्रण-आलेखाचे गणित एका हिवाळ्यात शिकता येते. आपलीच योजना एक अनुमान आहे आणि ते खोटे ठरू शकते, हे मालकापासून कामगारापर्यंत सर्वांनी मान्य करण्यास मात्र फार अधिक काळ लागतो. आणि ते मान्य होईपर्यंत चक्राच्या तिसऱ्या घरात पडताळा न येता तपासणीच बसून राहते.